१८६५० की २१७००? सेलच्या नावातले आकडे वाचून एक बॅटरी पॅक कसा ठरला

पार्श्वभूमी

ही एका छोट्या टीमची गोष्ट आहे, नावगाव काढून टाकलंय पण आकडे खरे ठेवलेत. ही टीम सलग व्हिडिओ रेकॉर्ड करणारी एक पेटी बनवते, म्हणजे पेटी एका जागी लावायची, चालू करायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन काढायची. आतमधे कॅमेरा, छोटा बोर्ड, मेमरी कार्ड आणि चार लिथियम आयन सेलचा पॅक. सेल १८६५० साइजचे, प्रत्येकी २६०० एमएएचचे. दोन सेल पॅरलल आणि अशा दोन जोड्या सिरीजमधे, म्हणजे पॅक ७.२ व्होल्टचा आणि ५२०० एमएएचचा.

पेटी साधारण १३ तास चालायची आणि हवे होते २० तास. सांगायला एवढंच, पण यातून पुढे जे सुरू झालं त्यात सेलच्या नावातले आकडे नीट वाचता येणं हेच सगळ्यात कामाला आलं, म्हणून हे लिहितोय. मला त्यांनी मधेच बोलावलं होतं, तेव्हा ऑर्डर जवळजवळ ठरली होती.

अडचण

टीममधल्या खरेदी बघणाऱ्याला एक भारी ऑफर सापडली होती. साइज तीच १८६५०, पण लेबलवर ९९०० एमएएच. त्याचं म्हणणं सरळ होतं, "पेटी बदलायची नाही, चार्जर बदलायचा नाही, फक्त सेल बदलायचे आणि वेळ चौपट, मग अडचण काय आहे?" कागदावर गणित बरोबरच होतं.

पेटीची डिझाइन बघणारी मुलगी म्हणत होती की सेलच मोठे घेऊ, २१७०० किंवा २६६५०. पण तिलाही नक्की माहीत नव्हतं की मोठे म्हणजे किती मोठे आणि ते आत बसणार का. त्यात आणखी एक गोंधळ झाला होता. ड्रॉवरमधे जुने काही सेल पडलेले होते, कोणीतरी कॅलिपर लावला तर लांबी भरली ७० मिमीच्या जवळ, झालं, सगळ्यांनी ठरवलं की हे २१७०० आहेत आणि पेटीत ट्राय करून "बसतात की" असं जाहीर पण केलं. प्रत्यक्षात ते प्रोटेक्शन सर्किटवाले १८६५० होते. अशा सेलच्या बुडाला एक गोल छोटं सर्किट असतं, वर बटण असतं आणि त्या दोघांमुळे लांबी ६५ वरून ६९-७० पर्यंत जाते. लांबीवरून फसायला होतं, डायमीटर बघितला असता तर लगेच कळलं असतं, कारण तो साडेअठराच्या आसपासच होता.

म्हणजे आम्ही बसलो तेव्हा टेबलावर तीन प्रश्न होते. ९९०० खरं असू शकतं का, मोठा सेल घेतला तर किती मिळेल, आणि तो बसेल का. तिन्हीची निम्मी उत्तरं सेलच्या नावातच होती.

नावातले आकडे

१८६५० मधले पहिले दोन आकडे म्हणजे डायमीटर मिमीमधे, १८. पुढचे तीन म्हणजे लांबी, पण मिमीच्या दहाव्या भागात, ६५०, म्हणजे ६५.० मिमी. तसंच २१७०० म्हणजे २१ मिमी जाड आणि ७०.० मिमी लांब, २६६५० म्हणजे २६ बाय ६५, १४५०० म्हणजे १४ बाय ५० (आपल्या नेहमीच्या पेन्सिल सेलच्या मापाचा), १८३५० म्हणजे १८६५० चीच जाडी पण उंची ३५.

शेवटच्या शून्याचा अर्थ "गोल सेल" असा बऱ्याच ठिकाणी सांगितलेला असतो आणि या टीममधेही तोच समज होता. तसं नाहीये. कॅमेऱ्यात लागणारा तो बुटका सीआर१२३ए सेल असतो ना, त्याचं मापाचं नाव सीआर१७३४५ आहे, म्हणजे १७ मिमी जाड आणि ३४.५ मिमी उंच. शेवटी ५ आलाय आणि सेल गोलच आहे. बटण सेलमधे पण हीच पद्धत, सीआर२०३२ म्हणजे २० मिमी व्यास आणि ३.२ मिमी जाडी. शून्य फक्त एवढंच सांगतं की दशांश भाग शून्य आहे. म्हणूनच काहीजण ते टाकून देतात. टेस्लाने २०२० मधे जो मोठा सेल जाहीर केला त्याचं नाव ४६८० आहे, ४६ मिमी जाड, ८० मिमी लांब, जुन्या पद्धतीने ते ४६८०० झालं असतं. २१७०० ला पण कुठेकुठे २१७० म्हणतात, सेल तोच.

आकड्यांच्या आधीची अक्षरं पण बघायची, ती केमिस्ट्री सांगतात. पहिलं आय म्हणजे लिथियम आयन, शेवटचं आर म्हणजे गोल, आणि मधलं अक्षर कॅथोडचं. आयसीआर असेल तर कोबाल्ट, आयएनआर असेल तर निकेलवाला, आयएमआर मॅंगनीज, आयएफआर म्हणजे लोह फॉस्फेट. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्याचं व्होल्टेज ३.२ असतं, बाकीच्यांचं ३.६-३.७, आणि चार्जिंगही ३.६५ व्होल्टवर थांबवावं लागतं, ४.२ वर नाही. साइज सेम आहे म्हणून आयएफआर सेल दुसऱ्याच्या जागी घातला आणि तोच चार्जर लावला तर सेलची वाट लागते.

इथे एक गंमत झाली. नमुना म्हणून मागवलेल्या एका चांगल्या सेलच्या अंगावर १८६५० कुठेच नव्हतं, आयएनआर१९/६६ असं छापलेलं होतं, आणि खरेदीवाला तो परत पाठवायला निघाला होता की "हा १९ मिमीचा आहे, आपला १८ चा पाहिजे". तो १८६५० च होता. आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीत जास्तीत जास्त माप पुढच्या पूर्ण मिमीपर्यंत वर नेऊन लिहितात. १८६५० चा डायमीटर कव्हर धरून साडेअठराच्या आसपास जातो, ते १९ झालं, लांबी ६५.२ च्या आसपास, ते ६६ झालं. यातून दुसरी गोष्ट पण कळते, की १८ आणि ६५ ही नावापुरती ढोबळ मापं आहेत, पेटी डिझाइन करताना त्यावर जायचं नाही, डेटाशीटमधलं कमाल माप घ्यायचं. २१७०० ची लांबी डेटाशीटमधे ७०.८ पर्यंत जाऊ शकते, आणि तो जवळजवळ एक मिमी पुढे आपल्याला नडणार होता.

आकारावरून क्षमतेचा अंदाज

नावात एमएएच नसतात. पण नावावरून घनफळ काढता येतं आणि घनफळावरून वरची मर्यादा. मी टीमसमोर हे फोनच्या कॅल्क्युलेटरवर केलं.

```
V = 0.785 × d × d × L
18650: 0.785 × 1.8 × 1.8 × 6.5 = 16.5 cm³
21700: 0.785 × 2.1 × 2.1 × 7.0 = 24.2 cm³
26650: 0.785 × 2.6 × 2.6 × 6.5 = 34.5 cm³
```

आता आज बाजारात मिळणारे चांगले, नावाजलेल्या कंपन्यांचे १८६५० सेल बघितले तर ते बहुतेक ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. ३५०० ला १६.५ ने भागलं तर एका घन सेमीला २१२ एमएएच येतात. २१७०० मधे ५००० चे सेल सर्रास मिळतात, ५००० भागिले २४.२, आले २०७. दोन वेगळ्या साइज, पण आकडा जवळपास तोच. म्हणजे निकेलवाल्या केमिस्ट्रीमधे एका घन सेमीमागे साधारण २०० ते २१५ हे छत धरायला हरकत नाही. लोह फॉस्फेटसाठी तेच छत साधारण निम्मं पडतं, १०५ च्या आसपास, म्हणून ३२७०० साइजचा तो जाडजूड आयएफआर सेल दिसायला केवढा असतो, ५६ घन सेमीचा, आणि देतो ६००० एमएएच.

मग ९९०० भागिले १६.५. सहाशे. छताच्या तिप्पट. खरेदीवाल्याने कॅल्क्युलेटर स्वतःकडे घेतला, परत एकदा केलं, आणि मग म्हणाला की "म्हणजे खोटंच आहे ना हे". मी म्हटलं वजन पण करून बघ. त्याने नमुन्याचे दोन सेल आधीच मागवले होते, ते काट्यावर ठेवले, ३४ ग्रॅम भरले. जुना २६०० वाला ४६ ग्रॅमचा होता. खऱ्या १८६५० चं वजन ४५ ते ५० ग्रॅममधे असतं, कारण आत तांबं, अॅल्युमिनियम आणि कॅथोडचा माल ठासून गुंडाळलेला असतो, आणि क्षमता जास्त म्हणजे आत माल जास्त, वजन कमी होऊच शकत नाही. नंतर तो सेल ४.२ वरून २.८ व्होल्टपर्यंत अर्ध्या अँपियरवर उतरवून मोजला तर जेमतेम १३०० एमएएच निघाले, म्हणजे जुन्या सेलच्या निम्मे.

पण हा नियम उलटा वापरायचा नाही, हे पण तिथेच सांगावं लागलं. छत म्हणजे छत, तेवढं मिळेलच असं नाही. २६६५० चं घनफळ ३४.५, गुणिले २१० केलं तर सव्वासात हजार येतात, पण प्रत्यक्षात या साइजचे सेल बहुतेक पाच-साडेपाच हजारांचेच दिसतात, कारण सगळ्यात ताजं तंत्र ज्या साइजवर आधी येतं त्यात २६६५० नाहीये, लॅपटॉप आणि गाड्यांमुळे तो मान १८६५० आणि २१७०० ला मिळाला. लहान साइजमधे उलटं कारण. १४५०० चं घनफळ ७.७, म्हणजे छताने १६०० यायला हवेत, पण बरेच सेल ८०० ते १००० मधे असतात. सेलच्या आत इलेक्ट्रोडच्या पट्ट्या चटईसारख्या गुंडाळलेल्या असतात, आणि बाहेरचा स्टीलचा डबा, वरचं झाकण, त्यातला व्हेंट आणि प्रेशर वाढलं की करंट तोडणारी चकती, या सगळ्यांना जागा लागतेच, सेल लहान केला म्हणून ते त्या प्रमाणात लहान होत नाही. मग उरलेल्या जागेत माल कमी बसतो.

आणि एकाच साइजमधे पण फरक असतो. १८६५० मधे २५०० चा सेल पण चांगला असतो आणि ३५०० चा पण. २५०० वाला बहुतेक वेळा २० अँपियर देणारा असतो, ड्रिल मशीनसाठी, त्यात धातूची फॉइल आणि टॅब जास्त आणि मालाचा थर पातळ, म्हणून ऊर्जा कमी. ३५०० वाला ८-१० अँपियरवर थांबतो. हा फरक १८६५० या आकड्यात दिसत नाही, कधीकधी त्याच्या मागच्या शेपटीत दिसतो. सॅमसंगच्या नावात तो सरळ आहे, आयएनआर१८६५०-२५आर म्हणजे २५००, ३५ई म्हणजे ३५००, आयएनआर२१७००-५०ई म्हणजे ५००० आणि ४०टी म्हणजे ४०००. पण हे त्या कंपनीपुरतं. पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी हा ३४०० चा आहे आणि नावात ३४ कुठेच नाही. शेपटी कळली तर बोनस, नाहीतर डेटाशीट.

पर्याय

ऑफर बाद झाल्यावर खरे पर्याय तीन उरले. मोजण्याआधी एक काम केलं जे आधी कोणीच केलं नव्हतं, पेटी किती पॉवर खाते ते मीटर लावून बघितलं. सरासरी २.४ वॉट. मधला कन्व्हर्टर साधारण ९० टक्के कार्यक्षम. बोर्ड प्रत्येक सेल ३.० व्होल्टला आला की बंद होतो, आणि लेबलवरचे एमएएच बहुतेक २.५ व्होल्टपर्यंत मोजलेले असतात, त्यामुळे पाच-सहा टक्के सेलमधेच राहतात.

पहिला पर्याय, खरे ३५०० चे १८६५० घालायचे. हातात येणारे ३३०० धरले, गुणिले ३.६ व्होल्ट, गुणिले चार सेल, ४७.५ वॉट-अवर. त्याचे ९० टक्के ४२.८, भागिले २.४, जवळजवळ १८ तास. पेटीला हात लावायचा नाही, पण २० होत नाहीत.

दुसरा, २१७०० चे ५०००. हातात ४७०० धरले तर ६७.७ वॉट-अवर, उपयोगी ६१, म्हणजे २५ तास. वेळ भरपूर, पण बसतात का हा प्रश्न.

तिसरा, २६६५०. लेबल ५०००, म्हणजे क्षमता २१७०० एवढीच आणि सेल सेंटीमीटरच्या निम्म्याने जाड. हा पर्याय टेबलावर दोन मिनिटंच टिकला. खरं तर नावं शेजारी शेजारी ठेवली असती तर डिझाइनवालीने तो स्वतःच काढून टाकला असता, ती तसं म्हणाली पण.

पेटीची आतली जागा ८० मिमी रुंद, ४५ मिमी उंच आणि ७४ मिमी लांब. जुने चार १८६५० एका रांगेत आडवे होते, साडेअठरा गुणिले चार, ७४, रुंदीत आरामात. लांबीत ६५.२ गेले आणि मागे आठ-नऊ मिमी उरले, तिथे बीएमएस म्हणजे पॅकचं संरक्षण करणारा बोर्ड उभा बसवलेला होता.

२१७०० एका रांगेत ठेवले तर कव्हर आणि थोडी फट धरून २१.५ गुणिले चार, ८६. बसत नाहीत. इथे टीम थांबली होती आणि "नवीन पेटी करावी लागेल" पर्यंत गेली होती. मग डिझाइनवालीने सेल एकावर एक पण अर्धे सरकवून ठेवून बघितले, खाली दोन, वर दोन, वरचे खालच्यांच्या खाचेत. अशी रचना केली की उंची दोन डायमीटर होत नाही, १.८७ डायमीटर होते, २१.५ ला ती ४०.१ येते, आणि पेटी ४५ ची आहे. रुंदी अडीच डायमीटर, ५४. बसले. सरळ एकावर एक ठेवले तर ४३ होतात, ते पण बसतात पण मग फोम आणि टेपला जागा उरत नाही. आणि २६६५० अशा रचनेत ४९ च्या वर जातो, तो असाही बाहेरच.

आता लांबी. ७०.८ कमाल, दोन्ही टोकांना निकेलच्या पट्ट्या आणि इन्सुलेशनचा कागद मिळून एक-दीड मिमी, म्हणजे ७२ च्या पुढे. ७४ मधे दीड-दोन मिमी उरले. बीएमएसची जागा गेली. नावातल्या ६५० चे ७०० झाले, पाच मिमी वाढले, आणि ते पाच मिमी नेमके त्या बोर्डाच्या जागेतून गेले. सुदैवाने रुंदीत २६ मिमी मोकळे झाले होते, त्यामुळे बोर्ड मागून उचलून बाजूला आला.

निर्णय

पहिला आणि दुसरा पर्याय यात टीम बराच वेळ अडकली. खरेदीवाल्याचा कल पहिल्याकडे, १८ तास काय आणि २० काय. पण सेल नवे असताना १८ आहेत, वापरून क्षमता उतरते आणि थंडीत आणखी कमी मिळते, हे धरलं तर वर्ष-दोन वर्षांत परत १५-१६ वर येणार. त्यामुळे २१७०० ठरले.

त्यातही ५०ई सारखा ५००० वाला की ४०टी सारखा ४००० वाला, हा छोटा निर्णय होता पण चर्चा झाली, कारण कोणीतरी म्हणालं की जास्त अँपियरवाला सेल "मजबूत" असतो. इथे प्रत्येक सेलमधून जाणारा करंट ०.२ अँपियर पण नाही. ३५ अँपियरचा सेल घेऊन त्यासाठी एक हजार एमएएच सोडण्यात काही अर्थ नव्हता. ५००० वाला घेतला.

काय केलं

खात्रीच्या ठिकाणाहून सेल मागवले, आल्यावर प्रत्येकाचं वजन केलं (सगळे ६८ ते ७० ग्रॅममधे), डायमीटर आणि लांबी कॅलिपरने, आणि व्होल्टेज. कॅलिपर लावताना जबडे प्लास्टिकचे वापरायचे, कारण धातूचा कॅलिपर लांबी मोजताना दोन्ही टोकांना एकाच वेळी टेकतो आणि सरळ शॉर्ट होतो, हे बोलायला सोपं वाटतं पण लांबी मोजणं म्हणजे नेमकं प्लस आणि मायनसला टेकणंच आहे. पॅरलल जोडायच्या सेलचं व्होल्टेज आधी जुळवलं. एक सेल पूर्ण चार्ज करून एक अँपियरवर २.८ पर्यंत उतरवला, ४८०० च्या वर आले, म्हणजे लेबल प्रामाणिक.

प्लसच्या टोकावर जास्तीची इन्सुलेटिंग रिंग लावली, कारण तिथे मधलं बटण प्लस असतं आणि त्याच्या भोवतालची कड म्हणजे डबा, तो मायनस, दोघांत जेमतेम एक-दोन मिमीचं अंतर. निकेल पट्टी तिथूनच जाते, नुसत्या कव्हरच्या भरवशावर ठेवायचं नाही. पट्ट्या स्पॉट वेल्ड केल्या, सोल्डर नाही. सेल पक्के राहावेत म्हणून मधल्या खाचांत फोम भरला.

निकाल

पहिल्या पूर्ण चाचणीत पेटी साडेचोवीस तास चाललेली दिसली, हिशोबात २५ होते, म्हणजे जवळच. पॅकचं वजन ९० ग्रॅमने वाढलं, ते कोणाला जाणवलं नाही.

जे जाणवलं ते चार्जिंग. जुना चार्जर एक अँपियरचा, तो ५२०० चा पॅक पाच-सहा तासांत भरायचा. नवा पॅक १०००० एमएएचचा, त्याला शेवटचा संथ टप्पा धरून ११ तास लागायला लागले. पेटी संध्याकाळी आणली आणि सकाळी परत लावायची असेल तर कधीकधी अर्धवट भरलेली जायला लागली, आणि मग फील्डमधून "नवीन पॅक जुन्यासारखाच चालतोय" अशी तक्रार आली. दोन अँपियरचा चार्जर लावल्यावर ते सुटलं, दोन सेल पॅरलल असल्यामुळे प्रत्येकाला एकच अँपियर जातो, म्हणजे क्षमतेच्या पाचव्या भागाने, सेलला काहीच त्रास नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पॉवर आधी मोजायला हवी होती. ती मोजली तेव्हा सगळ्यांनी फक्त २.४ हा आकडा घेतला आणि पुढे गेले, पण नंतर कळलं की त्यात ०.३ वॉट प्रिव्ह्यूसाठी चालू राहणाऱ्या वायफायचे होते, आणि पेटी एकदा लावल्यावर तो प्रिव्ह्यू कोणी बघतच नाही. वायफाय बंद केलं तर २.१ वॉट. मग पहिल्या पर्यायाचे ४२.८ वॉट-अवर भागिले २.१, वीस तासांच्या थोडं वर. म्हणजे पेटी न बदलता, बीएमएस न हलवता, जुन्याच मापाच्या खऱ्या ३५०० च्या सेलवर २० तास निघाले असते, निदान नवे असताना. माझ्या मते २१७०० तरीही बरोबर होतं कारण सेल जुने झाल्यावरची सोय आहे, पण हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून ठरवायला हवं होतं, ते झालं नाही.

दुसरं म्हणजे नमुना मागवण्याआधी भागाकार. ९९०० भागिले १६.५ करायला अर्धा मिनिट लागतो. आता खरेदीच्या शीटमधे त्यांनी एक कॉलमच घातलाय, साइज टाकली की घनफळ येतं आणि एमएएच टाकले की प्रति घन सेमी आकडा येतो, २२० च्या वर गेला की लाल. आयएफआरसाठी ११५ ची वेगळी मर्यादा आहे. बटण सेल मात्र त्यातून वगळलेत, त्यांची केमिस्ट्री वेगळी, आणि चपटे पाउच सेल पण, कारण त्यांच्या नावात आधी जाडी येते, १०३४५० म्हणजे १०.० मिमी जाड, ३४ रुंद, ५० लांब. पहिल्याच दिवशी कोणीतरी त्या शीटमधे पाउच सेल टाकला होता आणि शीटने त्याला १० मिमी डायमीटर आणि ३४५ मिमी लांबीचा गोल सेल समजून पास करून टाकलं.